रेलपथ नियमांचे हिंदी करताना मराठी माणूस कुठे अडखळतो

प्रश्न: मी बडोद्यात राहतो. घरी मराठी, शाळा गुजरातीत, हिंदी चांगली येते. रेल्वेच्या रूळ-दुरुस्ती नियमावलीतला एक भाग इंग्रजीतून हिंदीत करायला मिळाला आहे. रुळावर काम चालू असताना गाडी कशी थांबवायची, हळू कशी न्यायची, झेंडे, फटाके, वेगाचे फलक, हे त्यात आहे. अर्थ कळतो, पण सिग्नल, वेगमर्यादा आणि सावधगिरीचे शब्द जसेच्या तसे राहतील याची खात्री कशी करायची? चुका नेमक्या कुठे होतात?

उत्तर:

या भागात इंग्रजी न कळल्यामुळे फारशा चुका होत नाहीत. आपण मराठी आहोत म्हणून होतात. मी गेली तेवीस वर्षे बडोद्यात बसून हेच काम करते आहे, आणि माझ्या सुरुवातीच्या मसुद्यांवर लाल पेनाने झालेल्या खुणा आठवल्या तर निम्म्याहून जास्त एकाच जातीच्या होत्या: शब्द हिंदीतही आहे, मराठीतही आहे, लिपी तीच, आणि अर्थ थोडासाच सरकलेला. गोष्टीच्या पुस्तकात तो सरकलेला चालून जातो. इथे तो वाचून एक माणूस हातात झेंडी घेऊन रुळाच्या कडेने चालत जाणार असतो आणि कुठेतरी थांबणार असतो. तो कुठे थांबेल, हे तुमच्या वाक्यावर ठरते.

टंकायला बसण्याआधी तीन गोष्टी टेबलावर हव्यात. पहिली, भारतीय रेल्वेच्या 1976 च्या सामान्य नियमांची हिंदी प्रत. दुसरी, रेलपथ नियमावलीची जी मिळेल ती आधीची हिंदी आवृत्ती. तिसरी, स्टेशनमास्तर लोको पायलटला देतात त्या सतर्कता आदेशाचा, म्हणजे टी/409 चा, कोरा नमुना. राजभाषा नियम 1976 मधला नियम 11 सांगतो की केंद्र सरकारच्या कार्यालयांच्या नियमावल्या आणि संहिता हिंदी व इंग्रजी अशा द्विभाषिक स्वरूपात छापायच्या. त्यामुळे तुमच्या भागातल्या बहुतेक वस्तूंना हिंदी नाव आधीच पडलेले आहे, आणि ते कर्मचाऱ्यांच्या तोंडात आणि फॉर्मवर बसलेले आहे. पारिभाषिक कोश सगळ्यात शेवटी उघडा. कोश भाषेच्या दृष्टीने बरोबर असतो, पण रुळावर काम करणाऱ्या गँगमध्ये कोणता शब्द चालतो हे तो सांगत नाही.

जुन्या हिंदी आवृत्तीतून फक्त शब्द घ्या, वाक्ये उचलू नका. रेलपथ नियमावली 1986 ची होती, ती 2020 मध्ये नव्याने आली, परिच्छेदांचे क्रमांक बदलले, आणि मधल्या काळात शुद्धीपत्रांनी आकडेही बदलले. जुन्या प्रतीत ‘ड्राइवर’ आणि ‘गार्ड’ सापडतील. आता लोको पायलट आहे, आणि जानेवारी 2022 पासून गार्डचा ट्रेन मॅनेजर झाला आहे. तुमच्या हातातल्या इंग्रजी मजकुरात जे पदनाम आणि जो आकडा आहे तोच हिंदीत जायला हवा. पाठ असलेला आकडा हात आपोआप टंकतो, म्हणून अनुभवी माणसानेच इथे जास्त जपावे लागते.

पहिला शब्द घेऊ, ‘सिग्नल’. मराठी माणसाला वाटते, शुद्ध हिंदी करायची तर ‘संकेत’ लिहावे. लिहू नका. रेल्वेच्या हिंदीत वस्तूला ‘सिगनल’ म्हणतात, तेही असेच लिहितात, ‘ग’ पूर्ण. ‘संकेत’ हा शब्द त्या सिगनलमधून जे दिसते त्याच्यासाठी राखलेला आहे, म्हणजे इंग्रजीत ज्याला ॲस्पेक्ट म्हणतात त्याच्यासाठी. खांब, दिवा, हात ही वस्तू झाली सिगनल, आणि लाल, एक पिवळा, दोन पिवळे, हिरवा हे झाले संकेत. वस्तूलाच ‘संकेत’ म्हटले की पुढे ‘सिगनलचा संकेत’ अशी जागा आली की तुमच्याकडे शब्दच उरत नाही, मग तिथे ‘स्थिती’ येते, पुढच्या पानावर ‘दशा’ येते, आणि वाचणाऱ्याला वाटते या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता एक परिच्छेद पुरता उलगडते, कारण यात बहुतेक सगळे खड्डे एका जागी सापडतात. सामान्य नियम 15.09 मधली पहिली स्थिती घ्या: रुळावर काम आहे, गाडी थांबवावीच लागणार आहे, आणि ही अडचण एक दिवस किंवा त्याहून कमी टिकणार आहे. नियमाचे म्हणणे असे आहे. ब्रॉडगेजवर अडथळ्याच्या जागेपासून 600 मीटरवर रुळावर आडवी ताणलेली बॅनर झेंडी लावायची आणि 1200 मीटरवर चाकाखाली फुटून इशारा देणारे तीन फटाके, एकमेकांपासून 10 मीटरवर, रुळावर बसवायचे. मीटरगेज आणि नॅरोगेजला हेच आकडे 400 आणि 800. शिवाय ‘थांबा’ हा हात सिगनल अडथळ्यापासून 30 मीटरवर, बॅनर झेंडीपाशी, आणि तीन फटाक्यांपासून 45 मीटरवर दाखवायचा. इंग्रजीत हे लांब, स्वल्पविरामांनी जोडलेले आहे.

एकदा माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलाने याचे हिंदी असे केले होते:

‘अवरोध के स्थान से 600 मीटर के अंतर पर बैनर झंडी प्रदर्शित करनी चाहिए। 1200 मीटर के अंतर पर तीन पटाखे 10 मीटर के अंतर पर रखने चाहिए।’

मजकूर नितळ वाटतो, आणि त्यात तीन चुका आहेत. तिन्ही मराठीतून आल्या आहेत.

पहिली, ‘अंतर’. आपल्याकडे बडोदे ते डभोई अंतर विचारले तर किलोमीटर सांगतात. हिंदीत तिथे ‘दूरी’ आहे. हिंदीत ‘अंतर’ म्हणजे फरक, किंवा दोन गोष्टींमधली मोकळी जागा. ‘600 मीटर के अंतर पर झंडी’ असे लिहिले तर हिंदी वाचणारा ‘दर 600 मीटरवर एक झेंडी’ असेही वाचू शकतो. दुसरीकडे, तीन फटाक्यांमधल्या 10 मीटरसाठी हाच शब्द चोख बसतो, कारण तिथे मधलीच जागा सांगायची आहे. म्हणून माझा नियम असा ठरला आहे: एका ठरलेल्या जागेपासून मोजायचे तेव्हा ‘दूरी’, आणि सारख्या वस्तूंच्या मधले सांगायचे तेव्हाच ‘अंतर’. हिंदीत ‘10-10 मीटर पर’ असेही बोलतात, ऐकायला छान वाटते, पण छापल्यावर ते ‘10 ते 10’ असे विचित्र दिसते, आणि आकड्यांच्या मधली आडवी रेघ या पुस्तकात इतर ठिकाणी ‘पासून-पर्यंत’ या अर्थाने येते. ती टाळा.

दुसरी, तोडलेले वाक्य. लांब वाक्य तोडा, असे आपल्याला सगळीकडे शिकवतात. तोडायला हरकत नाही, पण ‘अडथळ्याच्या जागेपासून’ हे शब्द इंग्रजीत दोन्ही आकड्यांना मिळून एकदाच येतात. वाक्य तोडले की दुसरे वाक्य पोरके होते: 1200 मीटर कशापासून? त्याआधी शेवटचा उल्लेख झेंडीचा आहे. आमच्या घराजवळ एक निवृत्त मेट राहायचे, डभोईकडचे, आयुष्यभर गँग चालवलेली. मसुदा झाला की मी त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवायचे आणि खडूने ओट्यावर रूळ काढायला सांगायचे. या वाक्यावर त्यांनी कामाची जागा काढली, 600 वर झेंडी काढली, आणि मग खडू पुढे नेत विचारले, “बेन, बारह सौ झंडी से ना?” आणि फटाके काढले ते कामापासून 1800 मीटरवर. आयुष्यभर हेच केलेला माणूस. त्यांना नियम ठाऊक होता. पण मी सांगितले होते की ठाऊक आहे ते बाजूला ठेवा आणि मी वाचते तेवढेच काढा. त्यांनी ते प्रामाणिकपणे केले, म्हणून चूक दिसली. तेव्हापासून वाक्य तोडले तर ‘अवरोध के स्थान से’ प्रत्येक तुकड्यात पुन्हा लिहायचे. पुनरुक्ती कानाला खटकते, खटकू द्या.

तिसरी चूक सगळ्यात खोल आहे: ‘चाहिए’. मराठीत ‘झेंडी लावावी’ म्हटले की तो हुकूमच असतो. शाळेपासून आपण ‘प्रश्न सोडवा, उत्तरे लिहावीत’ वाचत आलो. ‘-आवे’ला आपल्या कानात नियमाचे वजन आहे. म्हणून इंग्रजीत ‘शॅल’ आले की डोक्यात आधी ‘लावावी’ उमटते आणि हातातून ‘लगानी चाहिए’ उतरते. पण हिंदीत ‘चाहिए’ हा सल्ला आहे: केले तर बरे. नियमांच्या हिंदीत ‘शॅल’ला साधा भविष्यकाळ असतो: ‘प्रदर्शित की जाएगी’, ‘रखे जाएँगे’. ‘शुड’ला ‘चाहिए’. ‘मे’ला ‘सकता है’. तिन्ही पायऱ्या वेगळ्या राहिल्याच पाहिजेत, कारण अपघातानंतर चौकशी होते तेव्हा हेच शब्द वाचले जातात: हे करणे बंधनकारक होते की अपेक्षित होते की मुभा होती. मी शेवटच्या फेरीत पूर्ण मसुद्यात ‘चाहिए’ शोधते आणि प्रत्येकासमोर इंग्रजी वाक्य ठेवून बघते. चाळीस पानांत दोन तास जातात, आणि दर वेळी एखादा सापडतोच.

हात सिगनलच्या वाक्यात आणखी एक खड्डा आहे. सरळ हिंदी केले तर असे होते: ‘अवरोध के स्थान से 30 मीटर की दूरी पर, बैनर झंडी पर और तीनों पटाखों से 45 मीटर की दूरी पर रोक हाथ सिगनल दिखाए जाएँगे।’ पहिले दोन तुकडे पाठोपाठ आल्यामुळे बॅनर झेंडीच 30 मीटरवर आहे असा भास होतो, दुसरा तुकडा पहिल्याचे स्पष्टीकरण वाटतो. तीन माणसे तीन जागी उभी राहायची आहेत, हे दिसत नाही. ‘तीन स्थानों पर’ असे शब्द घालायचा मोह होतो. मूळात नसलेला आकडा नियमात आणायचा नाही, मग तो बरोबर का असेना. त्याऐवजी मी अपूर्णविराम वापरते आणि क्रियापद पुढे आणते. पूर्ण परिच्छेद मग असा होतो:

‘अवरोध के स्थान से बड़ी लाइन पर 600 मीटर की दूरी पर तथा मीटर लाइन और छोटी लाइन पर 400 मीटर की दूरी पर एक बैनर झंडी प्रदर्शित की जाएगी। अवरोध के स्थान से बड़ी लाइन पर 1200 मीटर की दूरी पर तथा मीटर लाइन और छोटी लाइन पर 800 मीटर की दूरी पर तीन पटाखे, एक-दूसरे से 10 मीटर के अंतर पर, रखे जाएँगे। इसके अतिरिक्त, रोक हाथ सिगनल दिखाए जाएँगे: अवरोध के स्थान से 30 मीटर की दूरी पर, बैनर झंडी पर, और तीनों पटाखों से 45 मीटर की दूरी पर।’

इथे दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ‘बड़ी लाइन, मीटर लाइन, छोटी लाइन’ या तिन्हींची नावे पूर्ण लिहा. आपल्या भागात डभोईची गाडी नॅरोगेज म्हणूनच लहानपणापासून ठाऊक होती, त्यामुळे ‘छोटी लाइन’ म्हणजे नॅरोगेज याबद्दल आपल्याला शंका येत नाही. पण उत्तर प्रदेश-बिहारच्या मोठ्या पट्ट्यात लोक मीटरगेजलाच छोटी लाइन म्हणत आले. तिकडून भरती झालेला ट्रॅक मेंटेनर तुमचे पान वाचणार आहे. ‘मीटर लाइन’ शेजारी छापलेले असले की घोळ होत नाही. दुसरे, ते 45 मीटर फटाक्यांच्या कोणत्या बाजूला, कामाकडे की येणाऱ्या गाडीकडे, हे वाक्य सांगत नाही. ते आकृतीत असते. तुम्हाला आकृतीवरून कळले तरी वाक्यात ‘अवरोध की ओर’ असे घालू नका. शंकांच्या कागदावर लिहून अभियंत्याला विचारा.

‘पुढे’ आणि ‘मागे’ हे शब्द आले की थांबा. सिगनलच्या ‘पीछे’ म्हणजे रेल्वेत गाडी ज्या बाजूने येते ती बाजू, म्हणजे गाडी अजून सिगनलला पोहोचलेली नाही. आपण रोजच्या बोलण्यात सिग्नलच्या मागे म्हणजे सिग्नल ओलांडून पलीकडे असे सहज म्हणतो. म्हणून या दोन शब्दांना कधीही ‘पहले’, ‘बाद’, ‘पार’, ‘उस ओर’ असे पर्याय देऊ नका, फार समजावून सांगावेसे वाटले तरी. व्याख्या सामान्य नियमांत बांधलेली आहे आणि ती याच शब्दांवर आहे.

आता झेंड्यांकडे. गाडीला हळू पुढे ये सांगायचे तर दिवसा हिरवी झेंडी उभ्या दिशेने वर-खाली हलवतात, रात्री हिरवा दिवा तसाच. आणि निर्धोक पुढे जा सांगायचे तर तीच हिरवी झेंडी स्थिर धरतात. रंग एकच, फरक फक्त हालचालीचा. इथे मराठी आणि हिंदी दोन्हींतला वाक्प्रचार आडवा येतो: ‘हरी झंडी दिखाना’, आपला ‘हिरवा झेंडा दाखवणे’. दोन्हींचा अर्थ परवानगी दिली, जा. एका मसुद्यात मी स्वतः ‘सतर्कता से आगे बढ़ने के लिए हरी झंडी दिखाई जाएगी’ असे लिहून बसले होते. हालचाल गळली, आणि वाक्याचा अर्थ उलट झाला: हळू जा म्हणायच्या जागी पूर्ण मोकळीक. तो परिच्छेद अभियंत्याने परत पाठवला नसता तर तसाच छापला गेला असता. या भागात ‘दिखाना’ हे क्रियापद झेंडीच्या रंगाबरोबर एकटे ठेवू नका. ‘स्थिर रखकर’ किंवा ‘ऊपर-नीचे हिलाकर’ ही हालचाल त्याच वाक्यात, क्रियापदाला चिकटून यायला हवी. वेग आणखी कमी करायचा असेल तर हा सिगनल अधिकाधिक सावकाश हलवायचा असतो. तिथे ‘धीरे’ हा शब्द झेंडी हलवण्याला लागतो की गाडीला, हे वाक्यरचनेत स्पष्ट दिसले पाहिजे.

वेगमर्यादेच्या शब्दात आपली आणखी एक अडचण आहे. मराठीत वेगावर ‘निर्बंध’ असतो आणि ‘प्रतिबंध’ म्हणजे बंदी किंवा रोखणे. म्हणून हिंदीत ‘गति प्रतिबंध’ लिहिताना मराठी हात कचरतो, वाटते की गाडीला चालायलाच मनाई केली, आणि तो ‘गति निर्बंध’ लिहितो. हिंदी वाचणाऱ्याच्या कानाला ‘निर्बंध’ हा ‘बंधन नसलेला’ असा लागतो, ‘निर्बाध’ला जवळचा. रेल्वेच्या हिंदीत शब्द ‘गति प्रतिबंध’ हाच आहे, ‘स्थायी गति प्रतिबंध’ आणि ‘अस्थायी गति प्रतिबंध’. कचरू नका. ‘वेग’ही नको, सगळीकडे ‘गति’.

मर्यादेचे वाक्य लिहिताना ‘से अधिक नहीं’ वापरा. ‘20 किलोमीटर प्रति घंटा से अधिक नहीं’ यात 20 चालतो. ‘20 से कम’ लिहिले तर 20 चालत नाही, आणि ‘20 तक’ लिहिले तर काही वाचणारे गोंधळतात. ‘कमीत कमी 800 मीटर’ अशी जागा असेल तर ‘कम से कम’ पूर्ण लिहा; तो गळला तर किमान मर्यादा ठरीव आकडा होऊन बसते. आणि आकडे इंग्रजी वळणाचेच टंका: 20, 1200. संविधानाच्या अनुच्छेद 343 मध्ये संघाच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप ठरवलेले आहे. मराठी कळफलकावर काम करणाऱ्याच्या मसुद्यात एखादा देवनागरी आकडा शिरतो, शोधून काढा. पिवळ्या त्रिकोणी गति सूचकावर काळ्या रंगात जो आकडा असतो, तोच आकार पानावर दिसला पाहिजे. किलोमीटर आणि खांबाचे क्रमांक, समजा 392/14-16, हे तिरक्या आणि आडव्या रेघेसकट हलवायचे नाहीत. ‘392 किमी पर 14 से 16’ असे समजावून सांगण्याची गरज नाही. सतर्कता आदेशावर तो याच रूपात लिहिला जातो.

फलकांवरच्या अक्षरांचेही तसेच. समाप्ति सूचक हा पिवळा गोल फलक, त्यावर टी/पी किंवा टी/जी, प्रवासी गाडी किंवा मालगाडीसाठी. तो काम संपते तिथे नसतो, त्यापुढे सगळ्यात लांब गाडीच्या लांबीइतका पुढे असतो, म्हणजे इंजिन फलकाशी पोहोचले की शेवटचा डबा प्रतिबंधाच्या बाहेर आलेला असतो. इथे ‘गाड़ी’ आणि ‘इंजन’ यांची अदलाबदल होऊ देऊ नका. फाटकाआधी शिट्टी वाजवायच्या पाटीवर हिंदीत ‘सी/फा’ असते, सीटी फाटक. नियमावलीच्या मजकुरात फाटकाला ‘समपार’ म्हणतात. मजकुरात समपार लिहा आणि पाटीचा उल्लेख आला की ‘सी/फा’ तसेच ठेवा. पाटी जशी उभी आहे तशीच पानावर यावी.

राहिली सावधगिरीची माळ. इंग्रजीत एकच ‘कॉशन’ चार ठिकाणी येतो: आदेशात, सूचकात, संकेतात आणि हात सिगनलमध्ये. मराठीत आपल्याकडे सावधगिरी, दक्षता, खबरदारी, इशारा असे भरपूर शब्द आहेत आणि चांगले लिहिणाऱ्याला एकच शब्द चार वेळा वापरायला संकोच वाटतो. इथे तो संकोच सोडायचा. आदेश आणि फलक या दोघांना ‘सतर्कता’: सतर्कता आदेश, सतर्कता सूचक. संकेत आणि हात सिगनल यांची नावे तुमच्या हिंदी सामान्य नियमांत छापली आहेत तशीच, एकही मात्रा न बदलता. ‘चेतावनी’ हा शब्द यांपैकी कशालाही लावू नका, त्याला ‘वॉर्निंग’चा वास येतो आणि वॉर्नर नावाचा सिगनल वेगळा आहे. मी वहीत दोन रकाने करते, डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे एकच हिंदी. उजव्या रकान्यात एका शब्दाला दोन डाव्या संज्ञा आल्या किंवा उलट झाले, की काम थांबवून तिथली गाठ आधी सोडवते. जिथे मूळ इंग्रजीतच हा शब्द संज्ञा म्हणून आलेला नाही, नुसते ‘सांभाळून काम करा’ एवढेच म्हणायचे आहे, तिथे मात्र ‘सावधानी से’ लिहा. म्हणजे वाचणाऱ्याला ‘सतर्कता’ दिसली की कळते, हा ठरलेला आदेश किंवा ठरलेला फलक आहे.

तपासणी मी तीन फेऱ्यांत करते. पहिल्या फेरीत फक्त आकडे: इंग्रजी पानातले सगळे आकडे क्रमाने एका पट्टीवर उतरवायचे, हिंदी पानातले दुसऱ्या पट्टीवर, आणि पट्ट्या शेजारी ठेवायच्या. वर दिलेल्या परिच्छेदात 600, 400, 1200, 800, 10, 30, 45 येतात, फटाक्यांचा ‘तीन’ अक्षरी. हिंदीत वाक्यरचनेमुळे एखाद्या आकड्याचा क्रम बदलू शकतो, पण संख्या तितक्याच हव्यात. एक जास्त आला तरी गडबड, कमी आला तरी. दुसऱ्या फेरीत क्रियापदे, वर सांगितलेली. तिसरी फेरी खडूची. नियम न शिकलेला, हिंदी वाचणारा कोणीही शेजारी पुरतो, आणि गँगमधला निवृत्त माणूस मिळाला तर त्याला सांगा की आठवणीतले काढू नका. तुम्ही वाचायचे, त्याने रूळ काढून माणसे, झेंडी, फटाके मांडायचे, आणि ते चित्र पुस्तकातल्या आकृतीशी जुळवायचे. तो थांबून प्रश्न विचारतो तिथे वाक्य अपुरे आहे. न विचारता चुकीचे मांडतो तिथे वाक्य दुहेरी आहे, आणि ते जास्त वाईट.

शेवटी आकृत्या. बहुतेक कामांत मजकूर हिंदीत जातो आणि आकृतीवरच्या चिठ्ठ्या इंग्रजीतच राहतात, कारण आकृती चित्र म्हणून चिकटवलेली असते आणि कंत्राटात तिचे शब्द मोजलेले नसतात. काम घेतानाच विचारून घ्या. माझ्या त्या 45 मीटरच्या शंकेला खंड अभियंत्याने शब्दांत उत्तर दिलेच नव्हते. त्यांनी आकृतीच्या प्रतीवर पेन्सिलने माणूस कुठे उभा राहतो ते दाखवले, आणि आम्ही त्या जागी ‘रोक हाथ सिगनल’ एवढी चिठ्ठी हिंदीत घातली. गँगमध्ये पान वाचणाऱ्यांपेक्षा आकृती बघणारे जास्त असतात, तेव्हा चिठ्ठ्यांचे शब्द मजकुरातल्या शब्दांशी अक्षर न अक्षर जुळवून मगच फाइल पाठवा.